वीस मे : जुनी फरशी पाडणे

आश्रुबा खंदारेंच्या गळ्यात सोळा इंजिनियर मुक्कामाला होते.

बांधकाम खात्यात ते एकोणतीस वर्षं मैलकुली. रस्त्याचे खड्डे बुजवायचे, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायचा, आणि नदीला पाणी आलं की शेंदूरखेड्याच्या फरशी पुलावर लाल झेंडी घेऊन उभं राहायचं. तेवढ्या काळात सोळा ज्युनियर इंजिनियर आले आणि बदलून गेले. गेले म्हणजे देहानं गेले. आवाज आश्रुबांकडं ठेवून गेले. एक नाकात बोलायचा, "आंश्रुंबा, गिंट्टी मोंजलीस कांय?" एक प्रत्येक वाक्याच्या शेवटी चहा मागायचा. एकाला नदीची इतकी धास्ती, की फरशीवर घोटाभर पाणी आलं तरी तो जीपच्या टपावर चढून हुकूम सोडायचा. आश्रुबा खाटेवर बसल्या-बसल्या तो टप, तो साहेब आणि खालचं पाणी अशी तिन्ही कामं एकटे करायचे. गल्ली लोटपोट व्हायची. त्यांची बायको सरजाबाई तेवढी म्हणायची, "सायबाच्या नकला करून जलम गेला, पर सायेब काय झाले न्हाईत."

"मपली लेक झाली की," आश्रुबा म्हणायचे.

लेक म्हणजे धम्मशीला. वय चौतीस, सिव्हिल इंजिनियर. पूल बांधणारी नव्हे. पुलाचं वेळापत्रक तपासणारी. सरकारनं देखरेखीला नेमलेल्या एका सल्लागार कंपनीच्या सेलूच्या ऑफिसात ती प्लॅनिंग इंजिनियर होती. गावात हे कुणाला समजावून सांगणं अवघड. बापालाही आधी कळलं नव्हतं.

"म्हंजी तू करतीस काय?"

"दादा, कंत्राटदार काम घेतल्यावर आधी एक प्रोग्राम देतो. कुठलं काम किती दिवसाचं, कुठल्या कामामागून कुठलं काम, आठवड्यातून किती दिवस चालणार. त्याला बेसलाइन म्हणतात. मी तो वाचते नि चुका काढते."

"अन् मग?"

"मग तो दुरुस्त करतो."

"करतो?" आश्रुबांनी भुवया उडवल्या. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चुका दुरुस्त करणारा कंत्राटदार पाहिला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आश्रुबांची किडनी गेली. तेव्हापासून त्यांचंही एक वेळापत्रक झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सातला गावातली रिक्षा, फरशीवरून नदी पार, तिथून सेलू, चार तास मशीनवर, दुपारी परत. दिवसाला मोजून दोन तांबे पाणी. डाव्या हातावर, जिथं सुया टोचायच्या तिथली शीर दोरीसारखी फुगलेली. त्या हातावर कान ठेवला की घरघर ऐकू यायची. आश्रुबा गल्लीतल्या पोरांना ती ऐकवायचे आणि म्हणायचे, "रोलर चालू हाय आतमधी."

हे सगळं त्या फरशीवर अवलंबून होतं. फरशी जुनी, बुटकी, कठडे मोडलेले. मोठ्या पाण्यात ती बुडायची, पण पाणी ओसरलं की दोन-चार तासांत पुन्हा वर यायची. बुडाली तरी जाग्यावर असायची. म्हणूनच तिच्या शेजारी, बारा मीटर वरच्या अंगाला, उंच पूल मंजूर झाला तेव्हा आश्रुबांनी पेढे वाटले. आणि त्या पुलाचा प्रोग्राम तपासायला धम्मशीलाच्याच टेबलावर आला, तेव्हा खुद्द धम्मशीलानं.

प्रोग्राम जानेवारीत आला. पाच गाळ्यांचा पूल, दोनशे बारा कामं, रंगीत पट्ट्यांची अकरा पानं. कंत्राटात मुदत पुढच्या मार्चपर्यंतची. प्रोग्राममध्ये पूल अठरा मेला वाहतुकीला खुला. पाऊस यायच्या आत फीत कापायची घाई वरपासून खालपर्यंत सगळ्यांनाच होती, आणि कंत्राटदारानं ती ओळखली होती.

धम्मशीलानं पहिल्या दिवशी नुसते दिवस वाचले. एका खांबाचा पाया सहा दिवसांत. त्यात काळ्या दगडातली खोदाई, सळई, काँक्रीट सगळं. असा दगड, ज्यात ब्रेकर दिवसभर टकटक करून घमेलंभर चिपा काढतो. स्लॅब टाकला की चौथ्या दिवशी खालचं सेंटरिंग काढलेलं. तिथं दोन आठवडे तरी टेकू राहू द्यावे लागतात. शनिवारी गावी गेल्यावर तिनं बापाला सांगितलं, तर मशीनवरून आल्याच्या थकव्यातही ते उठून बसले.

"चौथ्या दिशी? अगं, चौथ्या दिशी तर त्याला हात लावला तर हाताला लागतंय ते! कोण शाना हाय हा?"

"सारंग म्हणून हाय. कंत्राटदाराचा प्लॅनिंगवाला. संभाजीनगरला बसतो."

"नदी बगितली का त्यानं?"

"फोटोत."

"बोलतो कसा?"

धम्मशीलानं नक्कल केली. बापाचा गळा तिच्यात थोडा उतरला होता. "मॅडम, ॲक्च्युअली काय आहे ना, ते डिफॉल्ट आलंय. नेक्स्ट अपडेटमध्ये करतो ना मॅडम."

आश्रुबांनी दोनदा ऐकलं, डोळे मिटले, आणि तिसऱ्यांदा सारंग त्यांच्या तोंडून बोलला. इतका हुबेहूब, की चुलीपुढची सरजाबाई म्हणाली, "पावना आला का काय?" सतरावा झाला.

मग कॅलेंडर. कुठल्या कामाला कोणते दिवस कामाचे धरले ते सांगणारं. सारंगनं तीन जोडली होती, नावं नुसती एक, दोन, तीन. दिवसाला तास किती, सुट्ट्या कुठल्या, पावसाळ्याचं काय, कशाचाही पत्ता नाही. उघडून बघितलं तर नदीपात्रातलं सगळं काम बारा महिने तेरा काळ, एकही सुट्टी न घेता. आणि काँक्रीटला पाणी मारण्याचं काम, जे रविवार असो की सण रोज चालायलाच हवं, ते आठवड्यातून सहा दिवस.

"म्हंजी माणसं ऐतवारी राबणार, अन् शिमिट ऐतवारची सुट्टी घेणार," आश्रुबा म्हणाले. "अन् चौदा एप्रिल?"

"त्या दिवशीबी काम धरलंय."

"ह्या जिल्ह्यात? चौदा एप्रिलला?" ते इतके हसले की खोकला लागला. "मिरवणुकीत स्लॅब टाकतो म्हणावं."

हसून झाल्यावर ते आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक वही घेऊन आले. लांबट, खात्याची, कडा उंदरांनी खाल्लेल्या. नोकरीत असताना फरशीवरून पाणी गेलं की आश्रुबा तारीख लिहायचे. पाणी किती, ते झेंडीच्या काठीवर मोजून. किती तास, ते उन्हावरून, पुढं घड्याळावरून. कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

"बग. लोक म्हंतेत पाऊस सात जूनला येतो. एकोणतीस वर्षांत सहादा मे महिन्यातच पाणी फरशीवरून गेलंय. वळवाचं. वर डोंगराला पडलं की हितं ऊन असताना बी येतंय. नदीला कॅलेंडर दावून उपेग न्हाई, माय."

तिनं त्या पानांचे फोटो काढले.

पण तिला खरं टोचलं ते वेगळंच होतं. दोनशे बारा कामांपैकी सदतीस कामं लोंबकळत होती. एकतर त्यांच्यामागं काही जोडलेलं नाही, नाहीतर पुढं. त्यातलं एकशे अठ्ठ्याण्णव नंबरचं काम : जुनी फरशी पाडणे. कागदावर ते नीट दिसत होतं. पूल खुला अठरा मे. फरशी पाडणे वीस मे. आधी पूल, मग पाडकाम. कुणीही वाचून मान डोलावली असती. पण ते काम पुलाला बांधलेलंच नव्हतं. वरून नुसती तारीख ठोकली होती. पूल सरकला असता तर ते सरकणार नव्हतं. आणि पूल सरकणार हे तर दिवस वाचूनच दिसत होतं.

तिनं एकूण एक्केचाळीस शेरे लिहिले. चौदावा असा : 'काम क्र. १९८, जुनी फरशी पाडणे, यामागे कोणतेही काम जोडलेले नाही. केवळ तारीख घातली आहे. नवीन पूल वाहतुकीस खुला झाल्याखेरीज हे काम सुरू होऊ नये, असा दुवा घालावा व तारखेची अट काढावी. फरशी हा गावाचा एकमेव पक्का रस्ता आहे.' शेवटचं वाक्य शेऱ्यात बसत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी राहू दिलं. पंधराव्यात नदीपात्रातल्या कामाला पावसाळ्याचं वेगळं कॅलेंडर मागितलं आणि खाली लिहिलं, 'सोबत वहीची पाने'.

ऑफिसचे प्रमुख विष्णुपंत. निवृत्त कार्यकारी अभियंता, सज्जन, आणि सज्जनपणाचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर हळूच ठेवण्यात वाकबगार. त्यांचं कुठलंही वाक्य तीन पायऱ्या उतरून यायचं. "असं बघा... म्हणजे कसंय... की नाही?"

त्यांनी कॉमेंट शीट चष्मा वर-खाली करत वाचली.

"उत्तम. अगदी उत्तम. फक्त असं बघा, ही वही काढा. मैलकुलीची वही आधार म्हणून लावली तर वरचे हसतील आपल्याला. पर्जन्यमापकाचे आकडे असते तर, म्हणजे कसंय..."

"सर, पर्जन्यमापक सेलूला हाय. फरशीवर माझे वडील होते."

"ते आहेच. की नाही? पण काढा."

तिनं ती पानं काढली.

"आणि हे अक्षर," त्यांनी खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथं धम्मशीलानं सी लिहिलं होतं. शीटवर तीनच अक्षरं चालायची. ए म्हणजे मंजूर. बी म्हणजे शेऱ्यांसह मंजूर, काम सुरू करा, दुरुस्त प्रोग्राम चौदा दिवसांत द्या. सी म्हणजे परत. दुरुस्त करून नव्यानं आणा. "सी केलं की पुन्हा एकवीस दिवस. जानेवारी गेला. नदी आज कोरडी आहे, उद्या आहे, परवाचं कोण सांगणार? तुमचे वडील आठवड्यातून तीनदा त्या मोडक्या फरशीवरून जातात. हा पूल लवकर व्हावा असं तुमच्याइतकं कुणाला वाटणार? बी करा. तुमचे शेरे कुठं जातात? ते लेखी आहेतच. बांधील आहे तो."

चर्चेला बसलेला सारंग स्क्रीनवरून म्हणाला, "मॅडम, ॲक्च्युअली तारखा तर सिक्वेन्समध्येच आहेत ना. अठरा, मग वीस. लिंक मी नेक्स्ट अपडेटमध्ये टाकतो."

"तारखा लागोपाठ असणं आणि काम बांधलेलं असणं येगळं, सारंग."

"हो मॅडम. नोटेड मॅडम."

आणि एक्केचाळीसही रकान्यांत त्यानं तेच लिहून पाठवलं. नोटेड.

धम्मशीलानं सी खोडून बी केलं. तपासणार म्हणून सही केली. त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर उंच पूल होता आणि त्यावरून बापाची रिक्षा चालली होती, हे खरं. पण त्या सहीखाली ते लिहायला रकाना नव्हता.

चौदा दिवस झाले, दुरुस्त प्रोग्राम आला नाही. तिनं स्मरणपत्र पाठवलं. फेब्रुवारीत दुसरं. मार्चच्या अहवालात लाल शाईत. सारंगला फोन केला की तो तेच म्हणायचा आणि तिला दर वेळी वाटायचं, बापच बोलतोय. कामाचं मात्र दगडानं जे करायचं ते केलं. पाया सहा दिवसांचा तेवीस दिवसांवर गेला. होळीला मजूर गावी गेले ते अठरा दिवसांनी परतले. चौदा एप्रिलला साइटवर एक कुत्रं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात पाचपैकी दोन गाळ्यांवर स्लॅब, तिसऱ्याचे नुसते टेकू उभे. सगळ्या पट्ट्या उजवीकडं सरकत चालल्या होत्या, पुढच्या डिसेंबराकडं. एकशे अठ्ठ्याण्णव नंबरची पट्टी तेवढी जागची हलली नाही.

वीस मे. मंगळवार होता. सकाळी सातला आश्रुबा फरशीवरून सेलूला आले. धम्मशीला अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्या उशाशी बसली होती. मशीन चालू असताना त्यांनी नर्सबाईंची नक्कल केली, मग शेजारच्या खाटेवरच्या वालूरच्या गुरुजींची. गुरुजी स्वतःच हसले. दुपारी ती बापाला सोडायला रिक्षात बसली. नदीच्या अलीकडं वळणावरच तिला आवाज आला. टकटकटकटक. आश्रुबा म्हणाले, "दगडाचा न्हाई ह्यो आवाज. शिमिटाचा हाय." त्यांचा कान.

फरशीचा मधला भाग गेला होता. ब्रेकर उरलेल्या तुकड्यावर उभा राहून स्वतःच्याच पुढचं फोडत मागं सरकत होता. शेजारी पात्रात मुरूम टाकून कच्ची वाट केलेली, खाली दोन सिमेंटचे पाइप.

"कुणी सांगितलं पाडायला?" धम्मशीला धावतच गेली.

सुपरवायझर नवा होता, घाबरला. "म्याडम, मशीन उद्या बीडला चालली. साहेब म्हणाले, तारीख हायच आजची, उरकून घ्या. दगड बी भरावाला लागतेत." आणि त्यानं शर्टाच्या खिशातून घडी काढली. प्रोग्रामचं पान. वीस मे, जुनी फरशी पाडणे. कोपऱ्यात शिक्का. शेऱ्यांसह मंजूर. शिक्क्याखाली तिची सही.

तिनं मशीन थांबवली. थांबवून काय उरलं होतं? विष्णुपंतांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं बघा... कच्चा रस्ता आहे ना? आहे. मग, म्हणजे कसंय, पावसाळा दहा जूनला. तोवर त्याच्याकडून पाइप वाढवून घेऊ. पत्र काढा."

ती रिक्षाजवळ परत आली. आश्रुबा खाली उतरून काठावर उभे होते. एकोणतीस वर्षं ज्या फरशीवर झेंडी धरली तिचा सळईचा सांगाडा पाहत. मग म्हणाले, "तुजा तो लिव्हलेला नंबर... चौदा ना?"

"हो, दादा."

"बराबर लिव्हलं होतं तू."

रिक्षा मुरमावरून डुलत पलीकडं गेली.

गुरुवारी ते आले. शनिवारी आले. शनिवारी दुपारी सेलूत नुसता उकाडा होता, आभाळ पांढरं. धम्मशीलाच्या मनात आलं, यांना आता इथंच खोलीवर ठेवावं का. पण खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा, बापाला दम लागायचा. तिनं तळमजल्यावरची खोली ठरवलेली होती, एक जूनपासून. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तसं लिहिलंही होतं : १ जून, दादांना आणणे. पाऊस दहाला, आपण एकला. नऊ दिवस हातात. ती म्हणाली, "दादा, आठच दिवस. मग इथंच राहायचं."

"बरं बाई. तुज्या प्रोग्रामपरमाणं," आश्रुबा म्हणाले, आणि जाता-जाता सारंगच्या आवाजात, "नेक्स्ट अपडेटमध्ये येतो मॅडम."

हे त्यांचं शेवटचं सोंग.

त्या संध्याकाळपासून वर डोंगराला पडायला लागलं. रविवार, सोमवार. पाणी मोठं नव्हतं. जुनी फरशी असती तर सोमवारी दुपारी उघडी पडली असती. पण मुरमाला धरायला काय होतं? पाइप वाहून अर्धा कोस खाली बाभळीत अडकले. पात्रात जिथं ब्रेकरनं खणलं होतं तिथं पुरुषभर डोह झाला. मंगळवारी सकाळी सातला आश्रुबा स्वच्छ सदरा घालून एका काठाला, धम्मशीला दुसऱ्या. मधे साठ पावलं पाणी. बोललेलं ऐकू येईना. फोनवर बोलले, एकमेकांकडं बघत.

"दादा, पाणी कमी प्या. वळसा घालून गाडी बघते."

"त्या वाटंनं बी नाला हाय, माय. आज न्हाई उतरायचा."

नाला मंगळवारी उतरला नाही, बुधवारीही नाही. काठावर ट्रॅक्टरचा टायर आणून कुणी म्हणालं, यावर बसवून नेऊ. सरजाबाईनं नको म्हटलं, पाण्याकडं बघूनच. धम्मशीला दोन दिवस फोनवर होती. गाडी, नाव, तहसील, कुणीतरी. सगळ्यांनी नोंद घेतली. बुधवारी सरजाबाईचा आवाज बारीक झाला. "आडवं व्हता येईना गं त्यास्नी. बसून हायेत. पायावर सूज चढली. बोलत न्हाईत."

"बोलत न्हाईत म्हणजे?"

"म्हंजी कुणाचंच न्हाई बोलत."

आईला काय म्हणायचं होतं ते धम्मशीलाला कळलं. बाप कुणाच्याही आवाजात बोलत नव्हता.

गुरुवारी नाला उतरला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून, चाळीस किलोमीटरचा वळसा घालून त्यांना दुपारी सेलूला आणलं. मशीन मोकळी होती. नर्सबाईंनी डावा हात हातात घेतला, शिरेवर बोटं ठेवली, आणि डॉक्टरांना हाक मारली. धम्मशीलानं कान लावला. रोलर थांबला होता.

पंधराव्या दिवशी ती कामावर गेली. विष्णुपंत टेबलापर्यंत उठून आले, काही म्हणू गेले, पहिल्या पायरीवरच थांबले. जुलैच्या शेवटी कंत्राटदाराचं पत्र आलं. सोबत दुरुस्त प्रोग्राम, सहा महिन्यांनी. पत्रात लिहिलं होतं : मे महिन्यातील पाऊस पूर्णतः अनपेक्षित व अपवादात्मक होता, सबब मुदतवाढ मिळावी.

तिनं प्रोग्राम उघडला. आता काहीच लोंबकळत नव्हतं. सारंगनं सगळी मोकळी टोकं एका फटक्यात बांधली होती. मागं काही नसलेली कामं थेट प्रकल्पाच्या सुरुवातीला, पुढं काही नसलेली थेट शेवटाला. तपासणीच्या यादीत शून्य चूक दिसावी म्हणून. एक कॅलेंडर नव्यानं जोडलेलं, नाव 'पावसाळा'. उघडून बघितलं. एकही दिवस बंद नव्हता. एकशे अठ्ठ्याण्णवपुढं लिहिलं होतं : काम पूर्ण, शंभर टक्के, नियोजित तारखेस. सगळ्या प्रोग्राममध्ये वेळेवर झालेलं तेवढं एकच काम.

ती शेरे लिहीत गेली. पहिला, दुसरा. पायाचे दिवस, सेंटरिंगचे दिवस. खोटे दुवे, एकेक नंबर घालून. मग मुदतवाढीवर आली. लिहिलं : 'मे महिन्यात फरशीवरून पाणी जाणे अनपेक्षित नाही. एकोणतीस वर्षांत सहा वेळा. जानेवारीतील शेरा क्र. १४ व १५ पाहावेत. त्या वेळी सदर प्रोग्रामला बी देण्यात आला, तो चुकीचा होता. सी द्यायला हवा होता. तपासणार : ध. आ. खंदारे.' खाली आधाराच्या रकान्यात तिनं वहीचं नाव घातलं. या वेळी फोटो नाही. वहीच आणली होती, उंदरांनी खाल्लेली, शेवटच्या पानावर थरथरत्या अक्षरात एक नवी नोंद असलेली. सव्वीस मे. पाणी दीड काठी. खाली : फरशी न्हाई.

नोकरी सुटून बारा वर्षं झाली होती त्यांची. झेंडीची काठी दाराआड तशीच होती. ते काठापर्यंत गेले असणार, मोजायला.

चौकटीत तिनं सी लिहिलं आणि शीट विष्णुपंतांपुढं ठेवली. त्यांनी वाचली. 'तो चुकीचा होता' या शब्दांवर बोट थांबलं. त्या बी खाली दुसरी सही त्यांची होती. मग वही उघडली, एक पान, दुसरं, शेवटचं. चष्मा काढला.

"असं बघा..."

धम्मशीलाला तो आवाज बापाच्या तोंडचा वाटला. तीच लांबण, तोच श्वास. फेब्रुवारीत एकदा खाटेवर बसून त्यांनी विष्णुपंत काढले होते, अठरावे, न भेटता, नुसतं तिच्या सांगण्यावरून. ती वाट पाहत राहिली, पुढच्या पायरीची.

विष्णुपंतांनी पेन काढून सही केली, आणि वही दोन्ही हातांनी उचलून तिच्याकडं परत दिली.

"हिची झेरॉक्स लावा," ते म्हणाले. "मूळ प्रत देऊ नका कुणाला."

झेरॉक्सच्या दुकानात वीज नव्हती. ती बाकड्यावर बसून राहिली, वही मांडीवर धरून. मंगळवार होता.